पटकीच्या साथीत जीव वाचवते ते पाणी. प्रतिजैविकांचे स्थान दुय्यम

बांगलादेश मुक्तिसंग्रामाच्या काळात, १९७१ च्या उन्हाळ्यात, पूर्व पाकिस्तानातून लाखो निर्वासित पश्चिम बंगालमध्ये आले आणि सीमेलगतच्या छावण्यांमध्ये पटकीची साथ पसरली. बनगाव येथील रुग्णालयात जून महिन्यात बालरोगतज्ज्ञ डॉ. दिलीप महालनबीस पोहोचले, तेव्हा खाटा अपुऱ्या होत्या, रुग्ण जमिनीवर पडून होते आणि शिरेतून देण्याच्या सलाईनचा साठा संपत आला होता. सलाईनअभावी रुग्ण दगावत होते. तेव्हा त्यांनी जो निर्णय घेतला, त्यामुळे जुलाबांवरील उपचाराची दिशा बदलली. तो निर्णय का योग्य ठरला, हे समजण्यासाठी पटकीत शरीराचे नेमके काय होते ते पाहावे लागते.

‘व्हिब्रिओ कॉलरी’ हा जिवाणू आतड्याच्या भिंतीत शिरत नाही, तिला जखमही करत नाही. तो आतड्यात राहून एक विष सोडतो. हे विष अस्तित्वात आहे, हे कोलकात्याचे शास्त्रज्ञ शंभुनाथ डे यांनी १९५९ मध्ये दाखवून दिले. विषाच्या प्रभावाखाली आतड्याच्या पेशी शरीरातील क्षार आणि त्यांच्यामागून पाणी आतड्याच्या पोकळीत अखंड ओतू लागतात. म्हणूनच या जुलाबांना मळाचा रंग उरत नाही; ते तांदळाच्या धुवणासारखे दिसतात. बहुधा ताप नसतो, पोटात फारशी कळ नसते आणि जुलाबात रक्तही नसते. ही सौम्य वाटणारी लक्षणेच अनेकदा घरच्यांची दिशाभूल करतात.

वेग मात्र सौम्य नसतो. तीव्र पटकीत प्रौढ रुग्णाच्या शरीरातून तासाला एक लिटरपर्यंत पाणी जाऊ शकते. ५० किलो वजनाच्या व्यक्तीचे उदाहरण घेऊ. पहाटे चारला जुलाब सुरू झाले आणि हाच वेग राहिला, तर नऊच्या सुमारास पाच लिटर, म्हणजे वजनाच्या १० टक्के पाणी गेलेले असते. अशा व्यक्तीच्या अंगात रक्त सुमारे साडेतीन लिटर असते. गेलेल्या पाण्याची भरपाई शरीर प्रथम पेशींभोवतीच्या पाण्यातून करते. तो साठा आटला की रक्ताचे आकारमान घटते. डोळे खोल जातात, जीभ कोरडी पडते, आवाज बसतो, पोटऱ्यांना पेटके येतात. पोटाची त्वचा चिमटीत धरून सोडली, तर घडी पूर्ववत होण्यास दोन सेकंदांहून अधिक वेळ लागतो. मनगटावरची नाडी लागेनाशी झाली आणि रुग्ण सुस्तावून पाणीही पिऊ शकला नाही, तर ती तीव्र जलशुष्कता होय. उपचार न मिळालेल्या अशा रुग्णांपैकी निम्म्यापर्यंत दगावू शकतात. मूल लहान असेल, तर हे सारे आणखी लवकर घडते.

या टप्प्यावर डॉक्टरांचे काम सरळ गणिताचे असते. जेवढे गेले, तेवढे परत द्यायचे. तीव्र जलशुष्कतेत दर किलो वजनामागे १०० मिलिलिटर ‘रिंगर लॅक्टेट’ शिरेतून दिले जाते. ५० किलोच्या रुग्णाला पाच लिटर लागतात. त्यातले दीड लिटर पहिल्या अर्ध्या तासात आणि उरलेले साडेतीन लिटर पुढील अडीच तासांत. एक वर्षाखालील बाळांना हेच प्रमाण दुप्पट सावकाश, एकूण सहा तासांत दिले जाते. नेहमीचे सलाईन हाताशी असेल तर वापरावे लागते, पण त्यात पोटॅशियम नसते आणि रक्तातील वाढलेले आम्लही त्याने कमी होत नाही. नुसते ग्लुकोजचे सलाईन तर या कामी निरुपयोगीच. आणि हे पाच लिटर झाले मागील हिशेबाचे. जुलाब चालूच असतात, त्यामुळे पुढे जाणारे पाणी वेगळे मोजावे लागते. पटकीच्या खाटेला मध्यभागी भोक आणि खाली बादली असते ती याच मोजणीसाठी.

रुग्ण पिऊ शकत असेल, तर शिरेची गरज बहुधा पडत नाही, आणि बनगावच्या प्रयोगाचा आधार हाच आहे. विषामुळे क्षार बाहेर ओतणारी यंत्रणा सुरू होते. मात्र ग्लुकोज आणि सोडियम एकमेकांच्या जोडीने आत घेणारी वेगळी यंत्रणा शाबूत राहते. साधे पाणी प्यायले तर ते जुलाबावाटे निघून जाते. त्यात योग्य प्रमाणात मीठ आणि ग्लुकोज असेल, तर त्यांच्यामागून पाणीही रक्तात शोषले जाते. महालनबीस यांनी एक लिटर पाण्यासाठी २२ ग्रॅम ग्लुकोज, साडेतीन ग्रॅम मीठ आणि अडीच ग्रॅम खाण्याचा सोडा असे मिश्रण तयार करवून घेतले, नळ लावलेल्या पिंपांतून ते उपलब्ध केले आणि पाजण्याचे काम रुग्णांच्या नातेवाइकांवर सोपवले. तोंडाने दिलेल्या पाण्यावर तेव्हा अनेक डॉक्टरांचा विश्वास नव्हता. छावण्यांमधील मृत्यूचे प्रमाण ३० टक्क्यांच्या आसपास होते; या उपचारात ते ३.६ टक्क्यांवर आले. आजच्या जलसंजीवनीत सोड्याऐवजी सायट्रेट असते, पोटॅशियमची भर पडलेली आहे आणि २००२ पासून मीठ व ग्लुकोजचे प्रमाणही कमी केलेले आहे.

मग प्रतिजैविके कशासाठी? डॉक्सिसायक्लिनची प्रौढांसाठीची ३०० मिलिग्रॅमची एकच मात्रा जुलाबांचे प्रमाण आणि कालावधी सुमारे निम्म्यावर आणू शकते, रुग्णाकडून होणारा जिवाणूंचा प्रसारही घटतो. हा लाभ खरा आहे, परंतु तो पुढच्या दिवसांतला. औषध जिवाणू मारते. विषाने आधीच ग्रासलेल्या पेशी मात्र नव्या पेशी येईपर्यंत पाणी ओततच राहतात. रुग्णाला धोका असतो पुढच्या काही तासांत, आणि त्या तासांत गोळीचा उपयोग नसतो. उलट्या होत असतील तर ती पोटात टिकतही नाही. म्हणून प्रथम पाण्याची भरपाई आणि उलट्या थांबल्यावर, साधारण चार ते सहा तासांनी, गोळी असा क्रम ठेवला जातो. आधीच प्रतिजैविकाचा आग्रह धरून सलाईनला उशीर करणे हीच या आजारातील सर्वांत महागडी चूक. जुलाब ‘बांधणाऱ्या’ गोळ्या तर टाळायलाच हव्यात, कारण पाणी आतड्यात साचत राहते आणि नुकसान दिसेनासे होते. जुलाबात रक्त असेल, तर आजार निराळा. तेथे प्रतिजैविकांचा विचार आधी होतो.

घरी अडचण येते ती उलट्यांची. उलटी झाली की नातेवाईक पाजणे थांबवतात. त्याऐवजी दहा मिनिटे थांबून पुन्हा चमच्याचमच्याने सुरुवात करावी. मध्यम जलशुष्कतेत दर किलो वजनामागे ७५ मिलिलिटर जलसंजीवनी चार तासांत द्यायची असते, म्हणजे ५० किलोच्या रुग्णाला पावणेचार लिटर. घरच्यांनी घोट-दोन घोट पाजून समाधान मानले तर ती पुरत नाही. पुडी पाण्याच्या पेल्यात मिसळणे ही दुसरी चूक. एक लिटरची पुडी एक लिटर स्वच्छ पाण्यातच विरघळवावी, नाहीतर दाट द्रावण जुलाब वाढवते. पुडी नसेल तर एक लिटर उकळून थंड केलेल्या पाण्यात साखरेचे सपाट सहा छोटे चमचे आणि मिठाचा सपाट अर्धा चमचा घालावा. तान्ह्या बाळाचे अंगावरचे दूध सुरूच ठेवावे. लघवी पुन्हा होऊ लागली की भरपाई पोहोचत असल्याचे समजते. रुग्ण सुस्त झाला किंवा नाडी मंद लागू लागली, तर वाट न पाहता रुग्णालय गाठावे आणि रस्त्यातही तो गिळू शकत असेल तोवर पाजत राहावे.