भिंत चाटणारी गाय

गाय गोठ्याची भिंत चाटते, दावे चघळते, उकिरड्यावरचे हाड तोंडात धरून तासभर उभी राहते. घरचे म्हणतात, खोडच लागलीय तिला. पण बहुतेक वेळा ही खोड नसते. तिच्या अंगात स्फुरद कमी पडलेले असते आणि ते मिळेल तिथून ती ओरबाडते. त्यातही हाड चघळणे सर्वांत घातक, कारण मेलेल्या जनावराच्या हाडावरून बोट्युलिझमची विषबाधा होते आणि गाय लुळी पडून मरते.

उसाच्या पट्ट्यात हे जास्त दिसते. तोडणीच्या हंगामात वाढे स्वस्तात मिळते, म्हणून महिनोन्महिने तेच गव्हाणीत पडते. वाढ्यात स्फुरद मुळात थोडे, आणि त्यातले ऑक्झलेट कॅल्शियमला बांधून ठेवते. वाढ्यावर चुन्याची निवळी शिंपडायची जुनी रीत कॅल्शियमपुरती योग्यच आहे, पण चुन्यात स्फुरद नसते.

दिवसाला बारा लिटर दूध देणारी गाय घ्या. लिटरमागे साधारण सव्वा ग्रॅम कॅल्शियम आणि एक ग्रॅमच्या आसपास स्फुरद जाते, म्हणजे रोज पंधरा ग्रॅम कॅल्शियम आणि दहा-बारा ग्रॅम स्फुरद धारेतून बाहेर. हे खाद्यातून भरून आले नाही, तर ती हाडांतला साठा काढते. दूध लगेच आटत नाही, म्हणून मालकाला पत्ता लागत नाही. आधी बिघडते ते माजाचे चक्र. एकवीस दिवसांनी माज यायला हवा, तो येत नाही, किंवा मुका येतो: ना हंबरणे, ना सोट. कधी गाय भरवली तरी उलटते. स्फुरदाबरोबर तांबे, जस्त, मँगनीज कमी असले तरी असेच होते, म्हणून नुसत्या कॅल्शियमच्या बाटलीवर भागत नाही.

अशा गाईला आधी जंताचे औषध द्यावे, कारण जंतांमुळेही जनावर माती खाते. मग आंबोणात सकाळी २५ आणि संध्याकाळी २५ ग्रॅम खनिज मिश्रण कालवावे. एक किलोची पिशवी वीस दिवस पुरते. दूध जास्त असेल तर मात्रा डॉक्टरांना विचारून वाढवावी, वासराला २० ते २५ ग्रॅम पुरे. पिशवीवर आयएसआयचा शिक्का बघावा. मीठ वेगळे द्यावे लागते का, हेही तिथेच कळते. गव्हाचा कोंडा स्फुरदाने भरलेला असतो, तोही आंबोणात असू द्या.

फरक आठवड्यात दिसत नाही. पहिली पिशवी संपली की लोक सोडून देतात, तिथेच घोटाळा होतो. किमान दोन-तीन महिने खंड न पाडता द्यावे. गाय हाडकुळी असेल, तर तिला आधी पोटभर खाद्य हवे. आणि सोट गढूळ किंवा पुवासारखा येत असेल, तर गर्भाशयाला सूज असते. तिथे मिश्रणाचा उपयोग नाही, डॉक्टरांना बोलवा.