गाईडना रेफरन्स मागताना

औषध कंपनीच्या क्यूसी विभागासाठी अर्ज भरताना रेफरन्सचा रकाना येतो, आणि केमिस्ट्रीची बरीच मुलं तिथे प्रोजेक्ट गाईडचं नाव न विचारताच टाकून मोकळी होतात. पुढे कंपनीचा फोन येतो तेव्हा गाईडना आठवतं ते इतकंच, की मुलगी हुशार होती, वेळेवर यायची. क्यूसीच्या मॅनेजरला त्यातून काही कळत नाही. नको ते रीडिंग आलं तेव्हा तिने काय केलं, हे त्याला हवं असतं.

त्याला कारण आहे. नापास नमुना पास होईपर्यंत पुन्हापुन्हा तपासत राहायचा, ही वाईट सवय या धंद्यात जुनी आहे. अमेरिकेत 1993 साली बार लॅबोरेटरीज खटल्यात कोर्टाने ती चालणार नाही असं स्पष्ट सांगितलं. आधी कारण शोधा, मगच फेरतपासणी.

म्हणून गाईडना लिहायच्या पत्रात असा एखादा प्रसंग हवा. समजा, प्रोजेक्ट पॅरासिटामॉलच्या गोळ्यांचा होता. भुकटी सौम्य कॉस्टिक सोड्यात 15 मिनिटं हलवायची, गाळायची, पातळ करायची आणि 257 नॅनोमीटरला अ‍ॅब्सॉर्बन्स बघायचा. औषध पुरेपूर असेल तर तो 0.536 च्या आसपास येतो. फार्माकोपियाची मर्यादा 95 ते 105 टक्के. पत्रातला मजकूर असा असू शकतो:

‘आदरणीय सर, सादर नमस्कार. एका नमुन्याचं रीडिंग 0.488 आलं होतं, म्हणजे 91 टक्के, हे आपल्याला आठवत असेल. मी ते न खोडता आपल्याला दाखवलं. गाळलेलं तेच द्रावण पुन्हा पातळ केलं, तरी 0.489 आलं, म्हणजे चूक पिपेटची नव्हती. मी पाचच मिनिटं हलवलं होतं. नवीन वजन घेऊन पूर्ण 15 मिनिटं हलवल्यावर 0.531 आलं. तिन्ही रीडिंग वहीत तारखेसह आहेत. त्या पानाचा फोटो जोडते आहे. एचपीएलसीवर मी स्वतः काम केलेलं नाही, तसं अर्जातही लिहिलं आहे. रेफरन्स म्हणून आपलं नाव दिलं तर चालेल का? अडचण असल्यास निःसंकोच सांगावं. अर्जाची मुदत 20 तारखेपर्यंत आहे.’

यातलं एचपीएलसीचं वाक्य मुलांना गाळावंसं वाटतं, पण ते राहू द्यावं. मुलाखतीत कॉलम कोणता, मोबाईल फेज कोणता असं विचारलं की न केलेलं काम लगेच उघडं पडतं, आणि गाईडचा शब्दही त्याच्याबरोबर जातो. प्रोजेक्ट गाईड कंपनीतल्या कामाची ग्वाही देऊ शकत नाहीत. डोळ्यांदेखत झालेल्या कामाची देऊ शकतात. परवानगी मिळाली की नोकरीची जाहिरात आणि बायोडेटा त्यांना पाठवावा. त्यांचा कॉलेजचाच ईमेल पत्ता अर्जात द्यावा, कारण कंपनीला पडताळणी करताना तो सोयीचा जातो.