गाडी झकास! बाप्पांना जरा मधोमध बसवा

दसरा, पाडवा, अक्षय्य तृतीया असा एखादा मुहूर्त आला की कुणा ना कुणा मित्राच्या नव्या गाडीचा फोटो येतोच. बॉनेटवर कुंकवाचं स्वस्तिक, पुढे झेंडूचा हार, चाकांखाली लिंबं, वहिनींच्या हातात पूजेचं ताट आणि शोरूमवाल्यांनी दिलेली पुठ्ठ्याची भलीमोठी चावी धरून हसणारी पोरं. त्यावर आपली उत्तरंही ठरलेली असतात. कुणी 'अभिनंदन' म्हणतं, कुणी 'पार्टी कधी?' विचारतं आणि घरातलं एखादं वडीलधारं माणूस हमखास सांगतं, 'जपून चालव रे बाबा, हल्ली रस्त्यांचं काही खरं नाही.'

या शेवटच्या वाक्यात माया असते, पण उपयोग नसतो. पंधरा वर्षं गाडी चालवणाऱ्या माणसाने 'जपून' म्हणजे नक्की काय करायचं? तो 'हो' म्हणतो आणि विसरतो. याहून वाईट म्हणजे अपघातांच्या बातम्या. ज्याने नुकताच पाच-सात वर्षांचा हप्ता डोक्यावर घेतलाय, त्याला त्या दिवशी कुठल्या घाटात काय झालं ते ऐकवणं म्हणजे पेढा तोंडात असताना कारल्याचे गुण सांगणं. 'या मॉडेलला स्टार किती?' हा प्रश्नही तसाच. आपल्याकडे ऑक्टोबर २०२३ पासून 'भारत एनकॅप' ही गाड्यांच्या सुरक्षिततेची चाचणी सुरू आहे. तिचे स्टार बुकिंगच्या आधी जरूर पाहावेत. गाडी दारात आल्यावर मात्र तो प्रश्न फक्त टोचतो.

मग मित्राची काळजी वाटत असेल तर गप्प बसायचं का? तसंही नाही. जे त्याला आज, खर्च न करता बदलता येईल तेवढंच बोलायचं, आणि ते आनंदाच्या वाक्यात मिसळून बोलायचं. त्यासाठी फोटो नीट पाहावा लागतो.

असाच एक फोटो डोळ्यांसमोर आणू. मित्राने पहिलीच चारचाकी घेतली आहे. आतल्या फोटोत डॅशबोर्डवर डाव्या बाजूला, वहिनींच्या आसनासमोर, गणपतीची पितळी मूर्ती दुहेरी टेपने पक्की बसवली आहे. सीटवर नवीकोरी चामड्यासारखी कव्हरं आहेत. दुसऱ्या फोटोत तीन वर्षांची मुलगी बाबांच्या मांडीवर बसून स्टिअरिंग धरून हसते आहे. आता यातलं काय बोलण्याजोगं आहे?

पहिली गोष्ट मूर्तीची. २०२२ पासून आपल्याकडे विकल्या जाणाऱ्या प्रत्येक कारमध्ये पुढच्या दोन्ही आसनांसाठी एअरबॅग सक्तीची आहे. चालकाची एअरबॅग स्टिअरिंगमध्ये असते, शेजारच्याची डॅशबोर्डच्या पोटात. तिथे बारीक ठशात SRS AIRBAG अशी अक्षरं दिसतात. जोराची धडक बसली की ही पिशवी सेकंदाच्या तीस-चाळिसाव्या हिश्शात फुगते, म्हणजे डोळ्याची पापणी मिटायच्याही आधी. बऱ्याच गाड्यांत तिचं झाकण वरच्या बाजूला उघडतं आणि पिशवी काचेला टेकून मग माणसाकडे येते. त्या झाकणावर चिकटवलेली पितळी मूर्ती, अत्तराची बाटली किंवा मोबाइलचा स्टँड तेवढ्याच वेगाने समोरच्या चेहऱ्याकडे फेकला जातो. टेप कितीही पक्की असली तरी त्या जोरापुढे टिकत नाही.

उपाय अगदी सोपा आहे. मूर्ती उचलून डॅशबोर्डच्या मधोमध ठेवायची, आणि तीही शक्यतो छोटी व हलकी असावी, कारण धडकेत कुठलीही जड, सुटी वस्तू उडतेच. झाकण नेमकं कुठे आहे ते गाडीसोबत मिळालेल्या पुस्तिकेत चित्रासह दिलेलं असतं. हे मित्राला सांगताना एअरबॅगचं शास्त्र उलगडायची गरज नाही. 'अरे वा, रंग तर झकासच निवडलास! आणि बाप्पांना जरा मधोमध बसव, तिथून ते दोघांकडेही बघतील. डावीकडे खाली एअरबॅग आहे ना.' एवढं पुरे. कौतुक आधी आलं, सूचना बाप्पांच्या मानपानातून आली, आणि कारण अर्ध्या वाक्यात संपलं. मित्र हसत हसत मूर्ती हलवेल, आणि दुसऱ्या कुणाची गाडी आली की हीच गोष्ट तोच सांगेल.

दुसरी गोष्ट सीट कव्हरांची. ती थोडी नाजूक आहे, कारण त्यासाठी पैसे मोजून झालेले असतात. नव्या गाड्यांपैकी बऱ्याच जणींत पुढच्या आसनांच्या पाठीत, दाराच्या बाजूला, आणखी एक एअरबॅग असते. तिथे शिवणीत छोटा टॅग शिवलेला दिसतो. बाजूने धडक बसली की ही पिशवी ती शिवण फाडून बाहेर येते. वरून जाड, सगळीकडून शिवलेलं कव्हर चढवलं तर तिची वाट अडते. अशा आसनांसाठी त्या जागी मुद्दाम मोकळी किंवा कच्च्या दोऱ्याची शिवण ठेवलेली कव्हरं मिळतात. मित्राच्या गाडीला तो टॅग आहे की नाही, हे फोटोवरून कळत नाही. त्यामुळे 'कव्हरं चुकीची घेतलीस' असं म्हणणं अंदाजावर बोलणं होईल. फार तर भेटल्यावर सीटच्या कडेला हात फिरवून पाहावं, टॅग दिसला तर दाखवावा, आणि कव्हर बदलून मिळतं का ते दुकानात विचारायला सोबत जावं.

कव्हरं चढवताना आणखी एक गंमत होते. मागच्या आसनावरच्या पट्ट्यांची बक्कलं दुकानदार सफाईदारपणासाठी कव्हराखाली दडपून टाकतो. गाडी देखणी दिसते, पण मागे बसणाऱ्याला पट्टा लावायला बक्कलच सापडत नाही. मागच्या पट्ट्याकडे आपलं आधीच दुर्लक्ष असतं. ४ सप्टेंबर २०२२ रोजी पालघर जिल्ह्यात चारोटीजवळ सूर्या नदीच्या पुलावर उद्योगपती सायरस मिस्त्री यांच्या गाडीला अपघात झाला. पुढे बसलेले दोघे जखमी होऊन वाचले, मागे बसलेले दोघे दगावले. मागच्यांनी पट्टे लावले नव्हते, असं पोलिसांनी सांगितलं होतं. गाडी महागडी होती, तिला एअरबॅगही होत्या. पण एअरबॅग पट्ट्याच्या जोडीने काम करते, पट्ट्याऐवजी नाही.

ही हकिगत मित्राला अभिनंदनात सांगायची नाही. ती आपल्या मनात ठेवायची आणि तो पहिल्यांदा फिरायला नेईल तेव्हा मुकाट मागे बसायचं. 'अरे, तुझ्या गाडीचं मागचं बक्कल कुठे लपवलंस?' असं विचारत कव्हराखालून ते ओढून काढायचं आणि पट्टा लावायचा. मालकाने पुढून पाहिलं की पाहुण्याने पट्टा लावलाय, की तो घरच्यांनाही सांगतो. या प्रसंगी तोंडापेक्षा हात जास्त बोलतात.

तिसरी गोष्ट मुलीची. उभ्या गाडीत बाबांच्या मांडीवर बसून स्टिअरिंग धरल्याचा फोटो गोड असतो, आणि त्याबद्दल नाक मुरडण्याचं काहीच कारण नाही. प्रश्न येतो तो गाडी हलल्यावर. ताशी ५० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी एकाएकी अडली, तर त्या धक्क्यात १० किलोचं मूल हातातून सुमारे २०० किलोच्या ओढीने सुटतं. कुठल्याही आईबापाच्या हातांत तेवढं बळ नसतं. त्यात मूल पुढच्या आसनावर कुणाच्या मांडीवर असेल, तर एअरबॅग आधी त्याच्यावरच आदळते, कारण मोठ्यांचा जीव वाचवायला आखलेली ती पिशवी मुलाच्या डोक्याच्या उंचीवर फुटते. म्हणून लहान मूल मागेच बसवायचं, आणि वयाप्रमाणे मिळणाऱ्या खास आसनात बसवायचं. मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीने १४ वर्षांखालच्या मुलाला पट्टा किंवा असं आसन नसेल तर १००० रुपये दंडाची तरतूदही आली. नव्या गाड्यांच्या मागच्या आसनांत गादी आणि पाठ यांच्या फटीत दोन लोखंडी कड्या असतात. त्यांना आयसोफिक्स म्हणतात, आणि त्यांना साजेसं मुलाचं आसन तिथे घट्ट अडकतं. पुष्कळ मालकांना या कड्या आपल्या गाडीत आहेत हेच माहीत नसतं.

आता हे मित्राला कसं सांगायचं? 'मुलीला पुढे बसवू नकोस' असं म्हटलं तर बाप म्हणून त्याच्यावर बोट ठेवल्यासारखं होतं. त्यापेक्षा चार मित्रांनी मिळून भेट द्यायची असेल तर भिंतीवरच्या घड्याळाऐवजी मुलीचं आसन द्यावं. 'आमच्या छोट्या मालकिणीला तिची स्वतःची सीट हवी ना! बाबांची गाडी, तिचं सिंहासन.' घेण्याआधी गाडीचं मॉडेल आणि मुलीचं वय, वजन, उंची विचारून घ्यावी, कारण चुकीच्या मापाचं आसन माळ्यावरच जातं. तेवढं बजेट नसेल तर 'मागे आयसोफिक्सच्या कड्या आहेत का रे? आम्हालाही घ्यायचंय, बघून सांग' असा प्रश्न पुरतो. मित्र कड्या शोधायला मागे वाकेल, तेव्हा त्या कशासाठी आहेत हेही वाचेल.

या तीन गोष्टींतली त्या दिवशी एकच बोलावी. तिन्ही एकदम बोललो की शुभेच्छा उरत नाहीत, तपासणी होते. आमच्या मते पहिल्या दिवशी मूर्तीचं बोलावं, कारण ती हलवायला पैसे लागत नाहीत आणि मूर्ती अजून ताजी ठेवलेली असते. पट्ट्याचं पहिल्या फेरफटक्याला पाहावं, आसनाचं वाढदिवसाला. घाई एकाच बाबतीत करावी. मूल पुढे मांडीवर घेऊन मित्र लगेच लांबच्या प्रवासाला निघणार असेल, तर गोडवा बाजूला ठेवून सरळ फोन करावा.

तेव्हा पुढच्या मुहूर्ताला मित्राच्या गाडीचा फोटो आला की आधी मनापासून 'क्या बात है!' म्हणा, पार्टी मागा, आणि मग फोटोतल्या बाप्पांकडे एकदा नीट पाहा. ते डाव्या बाजूला बसले असतील, तर त्यांना मधोमध बोलवायचं काम तुमचं.