छातीजवळचे शेवटचे दोन इंच

कुठे दुखतंय असं विचारलं की बहुतेक जण सगळा खांदा पंजात धरून दाखवतात. हा गृहस्थ मात्र एकच बोट ठेवून मोकळा झाला. खांद्याच्या टोकापासून साधारण तीन बोटं खाली, दंडाच्या अगदी पुढच्या बाजूला. "मॅडम, इथंच. पुशअप मारताना खाली गेलो की सुई टोचल्यासारखं होतं. वर आलो की काही नाही."

वय 37, वजन 76 किलो, कॉलेजच्या कार्यालयात नोकरी. जिममध्ये जायला लागून तीन वर्षं झालेली. सोमवारी बेंच प्रेस, 60 किलोचे आठ-आठचे चार सेट. गुरुवारी बायसेप्स. हे सगळं सुरळीत चाललं होतं. मग मित्रांच्या ग्रुपमध्ये पैज लागली, महिनाभर रोज शंभर पुशअप. त्यासाठी त्याने लाकडी ठोकळ्यांची जोडी आणली, त्यांवर हात ठेवले की छाती आणखी खाली जाते म्हणून. तिसऱ्या आठवड्यात टोचायला लागलं, पाचव्यात बेंचवर नुसता रिकामा दांडा छातीला टेकवतानाही दुखू लागलं.

बोट ठेवलेली जागा महत्त्वाची आहे. मराठीत आपण जिला बेटकुळी म्हणतो तो बायसेप्स स्नायू वरच्या टोकाला दोन कंडरांनी जोडलेला असतो. कंडरा म्हणजे स्नायूला हाडाशी बांधणारी चिवट दोरी. यातली एक आखूड असते, ती फारसा त्रास देत नाही. दुसरी लांब असते आणि तिचा मार्ग जरा विचित्र आहे. ती दंडाच्या हाडावर समोरच्या बाजूला असलेल्या एका खोबणीतून वर चढते, हाडाच्या गोल डोक्यावरून वळते आणि सांध्याच्या आत शिरून खांद्याच्या वाटीच्या वरच्या काठाला चिकटते. विहिरीच्या रहाटावरून दोर जसा वळतो तशी. दोर तुटतो किंवा झिजतो तो बहुधा वळणावरच, आणि इथेही तसंच होतं.

ही खोबण तुम्हाला स्वतःला चाचपता येते. कोपर अंगाला लावून काटकोनात वाकवा, दुसऱ्या हाताची दोन बोटं दंडाच्या पुढच्या बाजूला ठेवा आणि मनगट हळूहळू आत-बाहेर फिरवा. बोटांखाली काहीतरी सरकल्यासारखं लागेल. मात्र तिथे जोरात दाबलं तर कुणालाही थोडं दुखतंच, त्यामुळे दुसऱ्या खांद्यावरही तेवढंच दाबून फरक बघायचा. नुसतं 'दाबलं की दुखतं' म्हणून घाबरून येणारे पुष्कळ असतात.

आता एक शंका रास्त आहे. ढकलायच्या व्यायामात बायसेप्सचं काम ते काय? ढकलतात छातीचे स्नायू, खांद्याचा पुढचा भाग आणि दंडाच्या मागचा ट्रायसेप्स. बेटकुळी तर ओढायच्या कामाची. मग दुखावते ती कशी?

याचं उत्तर तळाच्या स्थितीत आहे. दांडा छातीला टेकतो किंवा छाती जमिनीजवळ जाते, तेव्हा कोपर धडाच्या रेषेच्या मागे गेलेलं असतं. हात मागे गेला की दंडाच्या हाडाचं गोल डोकं वाटीत किंचित पुढे सरकतं, आणि त्याच्या अगदी समोरून ही लांब कंडरा जात असते. ती ताणली जाते आणि हाडावर दाबली जाते. वजन पेलत असतानाच हे घडतं, दर फेरीला एकदा. कोपरं अंगापासून काटकोनात फाकवली तर खांद्याच्या पुढच्या बाजूवर ताण आणखी वाढतो. म्हणजे ही कंडरा काम करून दमलेली नसते, अडचणीच्या जागी सापडलेली असते.

म्हणून अशा माणसाला रोजच्या जगण्यातली एक गोष्ट मी हमखास विचारते. गाडीत पुढे बसून मागच्या सीटवरची पिशवी ओढताना दुखतं का? शर्टाची दुसरी बाही चढवताना? बायकांना विचारते, ब्लाउजची मागची हुकं लावताना? या सगळ्यांत हात धडाच्या मागे जातो. आमच्या या गृहस्थाने पिशवीचं नाव काढताच खांदा चोळायला सुरुवात केली.

त्याच्या बाबतीत हिशेब सरळ होता. नेहमीच्या पुशअपमध्ये शरीराच्या वजनाचा साधारण दोन तृतीयांश भार हातांवर येतो, म्हणजे त्याच्यासाठी 50 किलोच्या आसपास. तो दिवसाला शंभर वेळा, तेही ठोकळ्यांमुळे जास्त खोल. वर सोमवारचा बेंच. आणि गुरुवारी तिरप्या बाकावर पाठ टेकून, हात मागे लोंबकळत ठेवून डंबेल उचलायचे, ज्यात हीच कंडरा पुन्हा पूर्ण ताणली जाते. पुशअपला दोष देणारे लोक हा गुरुवार नेहमी विसरतात.

एक गोष्ट इथेच सांगायला हवी. एकट्या या कंडरेचंच दुखणं तसं कमी सापडतं. शेजारी रोटेटर कफचे स्नायू असतात, खांद्याचं डोकं वाटीत धरून ठेवणारे, आणि पुष्कळदा त्यांच्यातही काही बिघडलेलं असतं. हाताने करायच्या आमच्या चाचण्याही या दोघांना नेमकं वेगळं काढू शकत नाहीत. दुखणं सौम्य असेल तर सुरुवातीची वाट दोन्हींची जवळजवळ सारखीच असल्याने पहिल्या दिवशी एमआरआयच्या मागे धावण्यात अर्थ नसतो.

"म्हणजे महिनाभर छाती बंद?" त्याने विचारलं. चेहरा पडलेला. मी म्हटलं, छाती नाही, तळाचे दोन इंच बंद.

बेंचऐवजी त्याला जमिनीवर झोपून डंबेल प्रेस दिला. जमिनीवर पाठ टेकली की कोपर धडाच्या मागे जाऊच शकत नाही, फरशी त्याला अडवते. तळवे एकमेकांसमोर, कोपरं अंगापासून तिरकी, काटकोनाच्या निम्म्यावर. प्रत्येक हातात 12.5 किलो, तीन सेकंद मोजत खाली, कोपर फरशीला अलगद टेकवायचं, आपटायचं नाही. दहा-दहाचे तीन सेट, आठवड्यातून दोनदा. दांड्यापेक्षा डंबेल बरे, कारण हात आपल्याला सोयीच्या कोनात वळवता येतात. दांडा दोन्ही मनगटांना एकाच साच्यात अडकवतो.

पुशअप स्वयंपाकघराच्या ओट्यावर. हात जितके उंचावर, तितका भार कमी. दोन फूट उंचीवर हात ठेवले तरी तो शरीराच्या वजनाच्या 40 टक्क्यांवर येतो, ओटा तर त्याहूनही उंच. इथे त्याने एक चूक केली, जी बहुतेक जण करतात. ओट्यावर सोपं जातंय म्हटल्यावर छाती थेट कडेला टेकवू लागला. भार कमी झाला, पण कोपर पुन्हा मागे. मग कोपर धडाच्या रेषेत आलं की थांबायचं ठरलं, आणि बायकोने बाजूने फोटो काढून ते तपासायचं. पहिल्या फोटोत तो जिथे 'थांबलो' म्हणत होता त्याच्या बरंच खाली होता.

तिरप्या बाकावरचं बायसेप्स बंद. उभ्याने, कोपर अंगाशी ठेवून, निम्म्या वजनाने चालू, कारण कंडरेला पूर्ण विश्रांती दिली तर ती बरी होण्याऐवजी मऊ पडते. जोडीला रबरी पट्टा खिडकीच्या गजाला बांधून कंबरेकडे ओढायचा, कोपर धडाच्या रेषेपर्यंतच. डिप्सचं नावही काढायचं नाही. कोपरं सर्वांत मागे आणि अख्ख्या शरीराचा भार, असा दुसरा व्यायाम जिममध्ये नाही. डंबेल दोन्ही बाजूंना पसरून खोल नेण्याचा फ्लायही त्याच जातीचा.

दुखण्याला शून्य ते दहा असे गुण द्यायचे. व्यायाम करताना तीनपर्यंत चालेल. पण खरी परीक्षा दुसऱ्या दिवशी सकाळी. आदल्या सकाळपेक्षा जास्त दुखत असेल तर पुढच्या वेळी फेऱ्या कमी. त्याने हे कॅलेंडरच्या चौकोनात, दुधाच्या हिशेबाशेजारी लिहून ठेवलं, आणि तेच आम्हाला कामाला आलं. तिसऱ्या आठवड्यात एका बुधवारी अचानक पाच गुण दिसले. व्यायाम नेहमीचाच होता, पण मंगळवारी घरी रंगकाम होतं आणि त्याने छताला रोलर मारला होता. वेदनाशामक गोळ्या घेऊन व्यायाम करू नका असं मी सांगते ते यासाठीच, गोळी घेतली की हा कागद खोटं बोलायला लागतो.

चौथ्या आठवड्यात हात ओट्यावरून पलंगाच्या कडेवर आले. सहाव्यात पुन्हा बेंच, पण 30 किलो, आणि छातीवर घडी घातलेला जाड टॉवेल, म्हणजे दांडा दोन इंच वरच थांबेल. पकड खांद्यांच्या रुंदीच्या दीडपटीहून जास्त नाही. दर आठवड्याला टॉवेलची एक घडी कमी. दहाव्या आठवड्यात 45 किलोचा दांडा छातीला टेकला, गुण एक. त्याच सुमारास जमिनीवरचे पुशअप, दिवसाआड पंधराचे तीन सेट. काहींना पुशअप आधी जमतात आणि बेंच मागाहून, कारण पुशअपमध्ये पाठीवरची चपटी हाडं मोकळी फिरू शकतात. बेंचवर ती बाकाखाली दाबलेली असतात.

सगळे खांदे या वाटेने जात नाहीत. एकदम 'टक' आवाज येऊन कोपराच्या वर गोळा दिसू लागला तर ती कंडरा तुटलेली असू शकते. बेंच करताना छातीत फाटल्यासारखं होऊन काळंनिळं पडलं तर छातीचा स्नायू गेलेला असू शकतो. दोन्हींत त्याच आठवड्यात अस्थिरोगतज्ज्ञ गाठा. बोट पुढे नसून थेट वर, गळपट्टीचं हाड संपतं तिथे जात असेल, तर दुखणं त्या छोट्या सांध्याचं असतं. मुंग्या हातात उतरत असतील तर मान तपासावी लागते. मधुमेह असेल, रात्री दुखण्याने झोप मोडत असेल आणि हात बाहेर वळवायलाच येत नसेल, तर खांदा गोठत चाललेला असू शकतो. आणि श्रम केल्यावर छातीत दडपण, घाम आणि खांद्यात कळ एकत्र आली तर वाट न पाहता थेट रुग्णालयात जायचं, खोबण चाचपत बसायचं नाही.

सहा आठवडे नीट पाळूनही फरक पडत नसेल तर सोनोग्राफी करावी. कंडरेभोवतीची सूज आणि तिचं खोबणीतून सरकणं त्यात दिसतं, साध्या एक्स-रेत नाही. स्टेरॉइडच्या इंजेक्शनने काहींना आराम पडतो, पण ते कंडरेच्या आवरणात द्यायचं असतं. खुद्द कंडरेत गेलं तर ती कमकुवत होऊन तुटण्याचा धोका असतो, म्हणून सोनोग्राफीच्या मदतीने देणारा डॉक्टर शोधावा.

शेवटच्या भेटीत त्याने विचारलं, "आता डिप्स?" मी त्याला दोन्ही हात मागे नेऊन खुर्चीची पाठ धरायला आणि हळूच गुडघ्यात वाकायला सांगितलं. निम्म्यावर आल्यावर त्याचं एक बोट आपोआप त्याच जागी गेलं.

"बरं, ठोकळ्यांचं काय करू?" म्हणाला. सध्या त्यांवर उभी राहून त्याची धाकटी बेसिनपाशी दात घासते.