हृदयाची लय, भाग ७ : रक्तस्रावाचा आकडा कशासाठी मोजायचा?

मागच्या भागात आपण पाहिले की एट्रियल फिब्रिलेशनमध्ये हृदयाचा वरचा कप्पा नीट आकुंचन पावत नाही, तिथे रक्त साकळते आणि गुठळी मेंदूत गेली की पक्षाघात होतो. गुठळी टाळण्यासाठी रक्त पातळ करणारे औषध द्यायचे की नाही, हे ठरवायला डॉक्टर दोन आकडे मांडतात. एक पक्षाघाताच्या धोक्याचा, दुसरा रक्तस्रावाच्या. अनेकदा हे दोन आकडे तराजूच्या दोन पारड्यांसारखे वापरले जातात आणि रक्तस्रावाचे पारडे जड दिसले की औषध राहून जाते. माझ्या मते ही वाचण्याची पद्धतच चुकीची आहे. पहिला आकडा औषध द्यायचे का ते सांगतो. दुसरा, ते देताना काय दुरुस्त करायचे ते सांगतो.

एक नमुन्याचा रुग्ण घेऊ. ७६ वर्षांच्या बाई, वजन ५२ किलो. मधुमेह आहे, वरचा रक्तदाब १७२. गुडघे दुखतात म्हणून रोज वेदनाशामक गोळी, शिवाय 'हृदयासाठी' म्हणून ॲस्पिरिन. क्रिएटिनिन १.१. चॅड्स-व्हास्क या मोजणीत वयाची पंच्याहत्तरी गाठल्याचे २ गुण, रक्तदाबाचा १, मधुमेहाचा १, असे ४ झाले. (स्त्री असण्याचा वेगळा गुण युरोपीय मार्गदर्शक तत्त्वांनी २०२४ मध्ये वगळला.) दोन किंवा त्याहून अधिक गुण असले की औषध द्यावे, हे आता सर्वमान्य आहे. हॅस-ब्लेड या दुसऱ्या मोजणीत १६०च्या वरचा रक्तदाब १, पासष्टीपुढचे वय १, ॲस्पिरिन-वेदनाशामकांचा १, म्हणजे ३. इथे 'धोका जास्त' अशी नोंद होते आणि हात आखडतो. पण या तिनातले वय तेवढे आपल्या हातात नाही. रक्तदाब आटोक्यात आणला, हृदयाच्या रक्तवाहिन्यांचा आजार नसल्याने ॲस्पिरिन थांबवले आणि गुडघ्यांसाठी पॅरासिटामॉल व व्यायाम सुचवला, तर आकडा १ वर येतो. पक्षाघाताचे चार गुण मात्र जागचे हलत नाहीत, कारण उपचाराखालचा रक्तदाबही तिथे मोजला जातो.

यावर पहिला आक्षेप असा की म्हाताऱ्या माणसाला जोरकस औषध कशाला, ॲस्पिरिनवर भागवावे. वॉरफॅरिन झेपणार नाही असे ठरलेल्या रुग्णांवरच अव्हेरोज हा अभ्यास झाला. तो २०११ मध्ये प्रसिद्ध झाला. ॲस्पिरिनवर वर्षाला शंभरातल्या ३.७ जणांना पक्षाघात किंवा अन्यत्र गुठळी झाली, अपिक्सॅबानवर १.६ जणांना, मोठ्या रक्तस्रावाचे प्रमाण १.२ आणि १.४, म्हणजे जवळजवळ सारखेच. ॲस्पिरिन सौम्य वाटते, पण इथे त्याने रक्तस्राव फारसा वाचवला नाही आणि मेंदूही नाही. दुसरा आक्षेप अधिक मानवी आहे : पक्षाघात नशिबाने होतो, रक्तस्राव मात्र आपण दिलेल्या गोळीने. ही बोच मी समजू शकते. पण पोटातला रक्तस्राव बहुधा रक्त देऊन, एंडोस्कोपी करून सावरता येतो. लुळा पडलेला हात आणि गेलेली वाचा पुष्कळदा परत येत नाही. रुग्णाला दोन्ही शक्यता सांगितल्याशिवाय ही तुलना आपण परस्पर करू नये.

आता औषध कोणते? त्याआधी एकदा इको बघायलाच हवा. संधिवाती तापाने मायट्रल झडप मध्यम किंवा जास्त अरुंद झाली असेल, किंवा कृत्रिम धातूची झडप असेल, तर गुण मोजतच बसायचे नाहीत. तिथे वॉरफॅरिन किंवा आपल्याकडे सर्रास दिले जाणारे ॲसिनोकुमरॉल आणि नियमित आयएनआर तपासणी हाच मार्ग. संधिवाती हृदयविकारात रिव्हारॉक्सॅबान मागे पडले, हे इन्व्हिक्टस अभ्यासाने २०२२ मध्ये दाखवले. आपल्या बाईंची झडप चांगली आहे, तेव्हा नवी औषधे चालतील. मात्र १.१ क्रिएटिनिन 'नॉर्मल' म्हणून सोडू नये. वय आणि वजन धरून हिशेब केला तर मूत्रपिंडाची गाळणक्षमता मिनिटाला ३६ मिलीलिटरच्या आसपास भरते. डॅबिगॅट्रानचा सुमारे ८० टक्के निचरा मूत्रपिंडातून होतो, अपिक्सॅबानचा साधारण पाव. म्हणून इथे अपिक्सॅबान बरे.

आणि नेमकी इथेच हमखास चूक होते. बाई किरकोळ, वयस्कर, म्हणून 'जपून' २.५ मिलिग्रॅम लिहिले जाते. वय ८० किंवा अधिक, वजन ६० किंवा कमी, क्रिएटिनिन १.५ किंवा अधिक, या तिनांपैकी दोन गोष्टी असतील तरच डोस निम्मा करायचा. बाईंच्या बाबतीत फक्त वजनाची अट लागू होते, म्हणून ५ मिलिग्रॅम दिवसातून दोनदा. मूत्रपिंडाची तपासणी दर तीन-चार महिन्यांनी करावी. क्रिएटिनिन दीडपर्यंत चढले, किंवा ऐंशी वर्षे पूर्ण होताना वजन साठच्या आतच असले, तर दुसरी अटही लागू होईल आणि २.५चा डोस तेव्हा बरोबर ठरेल.