पिशवी रंगवायची, पण कोणत्या रंगानं?

शाळेतून चिठ्ठी येते, 'सोमवारी हाताने रंगवलेली कापडी पिशवी आणावी.' ती दप्तरातून बाहेर निघते शुक्रवारी संध्याकाळी, कधीकधी शनिवारी! राज्यात २०१८ साली प्लॅस्टिकच्या पिशव्यांवर बंदी आली, आणि आता हस्तकलेच्या तासाला कापडी पिशवी हमखास असते. घरात पोस्टर कलरच्या बाटल्या असतात, जलरंगाच्या वड्यांची पेटी असते, कुणाकडे दिवाळीत पणत्या रंगवून उरलेले अ‍ॅक्रिलिक असतात. मग मनात येतं, आहेत त्याच रंगांत भागवलं तर?

भागेल की नाही, हे तुमचं तुम्हालाच ठरवता येईल. जुन्या सुती कापडाच्या तुकड्यावर घरातल्या प्रत्येक रंगाचा अंगठ्याएवढा ठिपका द्या. रात्रभर वाळू द्या. सकाळी बोट ओलं करून प्रत्येक ठिपक्यावर दहा वेळा घासा. पोस्टर कलर बोटाला लागेल, जलरंगही लागेल. अ‍ॅक्रिलिक आणि फॅब्रिक कलर मात्र जागचे हलणार नाहीत.

असं का होतं? रंगाची पूड सगळ्यांतच असते. फरक असतो तो ती पूड धरून ठेवणाऱ्या चिकट पदार्थात. पोस्टर कलर आणि जलरंग यांत हा पदार्थ गोंदाच्या जातीचा असतो. गोंद वाळला तरी पाणी लागलं की पुन्हा विरघळतो. कागदावर हा गुणच आहे, कारण वाळलेला जलरंग ओल्या ब्रशनं हलका करता येतो. पिशवीवर मात्र तो दोष ठरतो. जून महिन्यातली एक सर आली की फुलांचा रंग पिशवीभर आणि पोराच्या पांढऱ्या शर्टावर! अ‍ॅक्रिलिकमधला चिकट पदार्थ एक प्रकारचं प्लॅस्टिकच असतं. त्यातलं पाणी उडून गेलं की त्याचा पापुद्रा बनतो, तो पाण्यात परत विरघळत नाही. फॅब्रिक कलरही बहुधा याच कुळातला, फक्त त्याचा पापुद्रा मऊ असतो, म्हणून कापड दुमडलं तरी तडकत नाही.

'पोस्टर कलरमध्ये थोडा फेव्हिकॉल घातला तर?' असं बऱ्याच जणी विचारतात. मातीच्या शोभेच्या कुंडीला किंवा पुठ्ठ्याच्या घराला हे मिश्रण चालतं, रंग बोटाला लागत नाही. पण हा पांढरा डिंक पाण्यात भिजला की मऊ पडतो, दुधाळ दिसायला लागतो, आणि वाळल्यावर कापड पुठ्ठ्यासारखं ताठ होतं. धुवायच्या पिशवीला तो उपयोगाचा नाही.

तेव्हा पिशवीसाठी फॅब्रिक कलरच घ्या. सगळ्या रंगांचा संच घ्यायची गरज नाही. एका पिशवीला लाल, पिवळा आणि हिरवा अशा तीन लहान बाटल्या पुरून उरतात. कापड गडद असेल तर एक पांढरा घ्या, कारण गडद कापडावर पिवळा दिसतच नाही. आधी पांढऱ्याचा हात द्यायचा, तो वाळला की वर पिवळा.

आता प्रत्यक्ष कृती. पिशवी मांजरपाटाची आहे असं धरू. कोऱ्या मांजरपाटाला खळ असते. खळीवर रंग वरवर बसतो आणि पहिल्या धुण्यात खळीबरोबर निघून जातो. म्हणून पिशवी गरम पाण्यात साबण घालून धुवा, वाळवा, इस्त्री करा. खळ गेली का हे ओळखायला कापडावर पाण्याचा एक थेंब टाका. थेंब लगेच शोषला गेला तर कापड तयार आहे. मोत्यासारखा वर बसून राहिला तर पुन्हा धुवा. या धुण्यानं कापड आटायचं तेवढं आधीच आटतं, हा आणखी एक फायदा.

पिशवीच्या आत पुठ्ठा सरकवा, नाहीतर पुढचा रंग झिरपून मागच्या बाजूला चिकटतो. मुलाच्या हातानं चित्र काढायचं असेल तर भेंडीचा ठसा उत्तम. भेंडी देठाच्या बाजूनं आडवी कापा, कापलेली बाजू फडक्यानं टिपा आणि पाव तास वाळू द्या, म्हणजे चिकटपणा रंगात उतरणार नाही. ताटलीत स्पंजचा तुकडा ठेवून त्यावर रंग पातळ पसरा. भेंडी बाटलीत बुडवू नका, या स्पंजवर दाबा. पहिला ठसा वर्तमानपत्रावर आणि दुसरा पिशवीवर. पाच पाकळ्यांची नेटकी फुलं उमटतात. देठ आणि पानं ब्रशनं काढा.

इथे एकच गोष्ट सांभाळा, ती म्हणजे पाणी. कागदावरची सवय असल्यानं मुलं ब्रश पाण्यात बुडवतात आणि तसाच रंगात घालतात. पाणी जास्त झालं की रंग सुताच्या धाग्यांतून पळतो आणि फुलाच्या कडा केसाळ दिसतात. ब्रश धुतला की फडक्यावर कोरडा करायचा. रंग पातळ करायचाच असेल तर त्यासाठी मिळणारं मिडियम वापरायचं. रंग जाडही थापू नका. हात फिरवल्यावर कापडाची वीण जाणवली पाहिजे. जाड थर पिशवीच्या घडीवर तडकतो.

चित्र पूर्ण झालं की पिशवी सावलीत एक दिवस वाळू द्या. मग ती उलटी करा, आत जुनं फडकं घाला आणि उलट्या बाजूनं इस्त्री करा. इस्त्री सुती कापडाइतकी गरम हवी, पण पाणी किंवा वाफ नको. एका जागी न ठेवता तीन-चार मिनिटं फिरवत राहा. उष्णतेनं रंग धाग्यांना पक्का धरतो. बाटलीवर वेगळी सूचना असेल तर ती पाळा. त्यानंतरही तीन दिवस पिशवी धुवू नका. म्हणजे शनिवारी रंगवलेली पिशवी रविवारी इस्त्री करून सोमवारी शाळेत खुशाल न्या, पण धुवायची गुरुवारी किंवा त्यानंतर, साध्या पाण्यात आणि उलटी करून.

घरात अ‍ॅक्रिलिकच असेल आणि दुकान बंद झालं असेल, तर तो चालेल. हात मात्र अगदी पातळ द्या आणि चित्र घडीपासून दूर, पिशवीच्या मध्यावर काढा. कापड थोडं ताठ होईल, पण रंग जाणार नाही. हाच गुण ब्रशच्या मुळावर येतो, हं! अ‍ॅक्रिलिक किंवा फॅब्रिक कलरचा ब्रश हातातून ठेवला की लगेच पाण्यात घाला. एकदा वाळला की तो फेकायचाच. गणवेशावर थेंब पडला तर ओला असतानाच गार पाण्यानं आणि साबणानं धुवा. वाळू दिला तर तो डाग कायमचा समजा.

मग पोस्टर कलर आणि जलरंग टाकून द्यायचे का? छे! तक्ता, मुखवटा, पुठ्ठ्याचा किल्ला यांना पोस्टर कलरच शोभतो, कारण तो खालचा रंग झाकतो. निसर्गचित्राला जलरंग, कारण त्यातून कागदाचा पांढरेपणा दिसत राहतो. काचेच्या बाटलीला आणि दगडाला अ‍ॅक्रिलिक. पुढची चिठ्ठी आली की आधी एवढंच विचारा, 'या वस्तूला पाणी लागणार आहे का?' लागणार असेल, तर गोंदाचे रंग कपाटातच राहू द्या.