भट्टीचा साठ सेकंदांचा उशीर

१९४२ साली जे. जी. झीग्लर आणि एन. बी. निकोल्स या दोन अमेरिकी अभियंत्यांनी कंट्रोलरच्या ट्यूनिंगवर एक निबंध प्रसिद्ध केला. दोघेही रॉचेस्टरच्या टेलर इन्स्ट्रुमेंट कंपनीत होते आणि त्यांचे कंट्रोलर हवेच्या दाबावर चालत. संगणक नव्हता, पण त्यांची युक्ती आजच्या डिजिटल कंट्रोलरवरही चालते: यंत्रणेला एकदाच धक्का द्या, ती कशी हलते ते कागदावर उतरवा आणि त्या वक्रावरून आकडे काढा.

एक वाळवणीची विजेची भट्टी घेऊ. खोलीचं तापमान ३० अंश. कंट्रोलर मॅन्युअलवर ठेवून हीटरला ३६ टक्के आउटपुट दिलं की भट्टी १२० अंशांवर स्थिरावते. ती खरोखर स्थिर झाली याची खात्री झाली, की आउटपुट एका झटक्यात ४६ टक्के करायचं आणि दार न उघडता नोंद घेत राहायचं. सुरुवातीला काहीच घडत नाही. उष्णता हीटरच्या तारेतून आवरणात, तिथून हवेत आणि मग थर्मोकपलच्या नळीत पोचेपर्यंत वेळ जातो. मग तापमान चढू लागतं आणि अखेर १४५ अंशांवर टेकतं. १० टक्क्यांना २५ अंश मिळाले, म्हणजे गेन K = २.५.

झीग्लर आणि निकोल्स वक्राच्या सर्वांत उभ्या भागाला स्पर्शरेषा काढत. हाताने काढलेली ती रेषा जरा कलली की सगळे आकडे बदलतात, म्हणून मला दोन बिंदूंची रीत जास्त भरवशाची वाटते. एकूण वाढीचा २८.३ टक्के भाग, म्हणजे १२७.१ अंश, २६० व्या सेकंदाला आला, ६३.२ टक्के, म्हणजे १३५.८ अंश, ६६० व्या सेकंदाला. दोन्हींतल्या अंतराची दीडपट हा टाइम कॉन्स्टंट T: ६०० सेकंद. ६६० मधून तो वजा केला की डेड टाइम L उरतो: ६० सेकंद. आता नियम लावू:

```
Kp = 1.2*T/(K*L) = 4.8 %/°C
Ti = 2*L         = 120 s
Td = 0.5*L       = 30 s
```

तिन्ही ओळींत L आहे. तो चुकला की सगळंच चुकलं, म्हणून खरी मेहनत तो मोजण्यात हवी. चाचणी चालू असताना व्होल्टेज २३० वरून २१५ वर आलं, तर हीटरची शक्ती साधारण १३ टक्क्यांनी घटते आणि तो वक्र टाकून द्यावा लागतो.

आता प्रत्येक टर्म काय करते ते याच आकड्यांवर पाहू. नुसता P ठेवला तर एका अंशाच्या तफावतीला ४.८ टक्के आउटपुट मिळतं. सेट पॉइंट १४५ असेल तर भट्टी १३६ च्या आसपास थांबते, कारण तफावत शून्य झाली की आउटपुटही शून्य होईल. भट्टी गरम ठेवायला काहीतरी तफावत उरावीच लागते. हा ऑफसेट I भरून काढतो, कारण तो तफावत साठवत जातो. पण थंड भट्टी सुरू करताना तफावत ११५ अंशांची असते आणि I सेकंदाला ४.६ टक्क्यांच्या वेगाने साठतो. आउटपुट तर १०० वर अडलेलं. हा साठा रिकामा होईपर्यंत तापमान सेट पॉइंट ओलांडून कुठच्या कुठे जातं. म्हणून आउटपुट अडलं की I ची बेरीज थांबवणारी सोय कंट्रोलरमध्ये असलीच पाहिजे.

D तापमानाचा वेग पाहून आधीच हात आखडतो, पण तो फार हळवा असतो. मापन ०.१ अंशाच्या पायऱ्यांनी, दर सेकंदाला होत असेल, तर एक पायरी बदलताच आउटपुट १४ टक्क्यांनी उसळतं. फिल्टरशिवाय D लावू नये.

मूळ नियमांचं उद्दिष्ट असं, की प्रत्येक लाट आधीच्या लाटेच्या चौथाई व्हावी. भट्टीला हे परवडत नाही: हीटर तापवू शकतो, थंड करू शकत नाही, आणि वर गेलेलं तापमान आपसूक उतरायची वाट पाहावी लागते. म्हणून या भट्टीवर मी Kp अर्धा, २.४, आणि Ti तिप्पट, ३६० सेकंद, करून सुरुवात करीन.

त्यानंतरही लाटा दिसल्या तर त्यांचा काळ मोजावा. तो L च्या चौपट, म्हणजे चारेक मिनिटं असेल, तर Kp जास्त आहे. लाटा त्याहून खूप लांब आणि संथ असतील तर Ti कमी पडतोय. तापमान शांत आणि आउटपुट मात्र थरथरतंय, तर दोष D चा.

थर्मोकपल बदलला, जाड नळीत घातला किंवा हीटरपासून दूर सरकवला, की L बदलतो. तेव्हा जुने आकडे बाजूला ठेवा आणि चाचणी पुन्हा घ्या.